स्काडावर पंप हाऊस हिरवं, पण आकडा जुनाच: गप्प झालेलं स्टेशन कसं शोधायचं

माणूस नसलेलं पंप हाऊस मोबाइल नेटवर्कवरून मध्यवर्ती स्काडाला जोडताना बहुतेक वेळा 'बदल झाला तरच कळव' हीच पद्धत ठेवतात. सिमचा डेटा वाचतो, शंभर स्टेशनं एकाच मास्टरवर बसतात, आणि पंप बंद पडला की बातमी दोन-चार सेकंदांत येते. खोट एकच आहे. काही बदललं नाही म्हणून स्टेशन गप्प असलं तरी आणि लिंक मेली म्हणून गप्प असलं तरी, स्क्रीनवर दिसतं ते सारखंच: शेवटचा आकडा आणि हिरवा दिवा.

खालचा क्रम डीएनपी3 वर चालणाऱ्या आरटीयूंसाठी आहे. ज्या तपासण्या खुर्चीत बसून होतात त्या आधी दिल्या आहेत, गाडी काढावी लागते त्या नंतर.

लक्षणं

- टाकीची लेव्हल तासन्‌तास एकाच आकड्यावर थिजलेली, क्वालिटी मात्र 'गुड'.
- बराच वेळ काही नाही, मग वीस-तीस नोंदी एकदम येतात. पंप चालू, बंद, पुन्हा चालू, सगळं एकाच सेकंदात आल्यासारखं.
- हाताने पोल केलं की सगळं ठीक होतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच.
- स्टेशनची वीज जाऊन आली की त्यानंतर स्वतःहून काहीच येत नाही.
- एकच नोंद दोनदा-तीनदा येते.
- वीज गेल्याचा अलार्म कधीच येत नाही, वीज आल्याचा मात्र येतो.

ही एकाच बिघाडाची लक्षणं नाहीत. तरी सगळ्यांना 'नेटवर्क खराब आहे' म्हणून मोडेम बदलला जातो आणि नव्या मोडेमवरही दोष तसाच राहतो. म्हणून मोडेमला हात लावण्याआधी पुढचं करा.

1. घटनेची वेळ आणि पोचल्याची वेळ शेजारी ठेवा

यात खर्च शून्य आणि उत्तर बहुतेक वेळा इथेच अर्धं मिळतं. आरटीयू प्रत्येक नोंदीवर आपल्या घड्याळाची वेळ घालतो. ती नोंद मास्टरला कधी मिळाली हे स्काडाच्या डेटाबेसमध्ये किंवा कम्युनिकेशन लॉगमध्ये वेगळं असतं. ऑपरेटरच्या अलार्म यादीत सहसा एकच वेळ दिसते, त्यामुळे उशीर लपून राहतो. शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी काढा आणि दोन वेळांमधला फरक पाहा.

फरक दोन-पाच सेकंदांचा असेल तर लिंक नीट आहे. मग नोंद तयारच का होत नाही हे शोधायचं. फरक दर वेळी बरोबर काही तासांचा किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल तर घड्याळात टाइम झोनचा घोळ आहे. डीएनपी3 मध्ये वेळ यूटीसीत धरायची असते आणि कुणीतरी एका बाजूला स्थानिक वेळ भरलेली असते. फरक कधी शून्य, कधी पंधरा-वीस मिनिटं आणि तोही नेहमी शांत वेळेनंतरच्या पहिल्या नोंदीवर, असं दिसलं तर थेट पाचव्या तपासणीकडे जा.

2. इंटिग्रिटी पोल करा, पण आधी पुरावा जपा

इंटिग्रिटी पोल म्हणजे साठलेल्या सगळ्या नोंदी आणि सगळ्या बिंदूंचे आत्ताचे आकडे एकदम मागणं. घाई इथे नडते. लिंक अर्धी मेलेली असेल तर पोल केल्याबरोबर मास्टरला ते कळतं, तो जुनी जोडणी तोडतो, नवी जोडणी होते आणि दोष पुसला जातो. 'पोल केलं की ठीक होतं' ही तक्रार अशीच तयार होते.

म्हणून आधी मास्टरच्या बाजूला जोडणीची अवस्था पाहून ठेवा आणि पॅकेट पकडायला लावा. मास्टर लिनक्सवर असेल आणि आरटीयू स्वतः जोडणी करत असेल तर:

```
ss -tnoi '( sport = :20000 )'
tcpdump -ni any tcp port 20000 -w station.pcap
```

20000 हा डीएनपी3 चा नेहमीचा पोर्ट. तुमच्याकडे वेगळा असेल तर तो घाला. पहिल्या कमांडमध्ये जोडणी ESTAB दिसते पण शेवटचं पॅकेट येऊन (lastrcv, मिलिसेकंदांत) कित्येक तास झाले, असं दिसलं तर ते लिहून ठेवा. आता पोल करा.

उत्तर लगेच आलं आणि आकडे बदलले तर वाट मोकळी आहे, स्टेशन स्वतःहून बोलत नाही एवढंच. तिसरी आणि चौथी तपासणी त्यासाठी आहे. उत्तर आलंच नाही, जोडणी तुटून पुन्हा झाली आणि मग साठलेलं सगळं आलं, तर दोष वाटेत आहे.

उत्तरातले आयआयएन बिटही वाचा. `IIN1.7` चढलेला म्हणजे आरटीयू मधल्या काळात रीस्टार्ट झाला आणि मास्टरने त्याची दखल घेतली नाही. `IIN2.3` चढलेला म्हणजे नोंदींचा बफर भरून वाहिला आणि काही नोंदी कायमच्या गेल्या. त्या पोलने परत येत नाहीत, आत्ताची स्थिती तेवढी बरोबर होते. पंपाचे चालू तास अशा नोंदींवरून मोजत असाल तर तो हिशेब चुकलेला आहे असंच समजा.

3. रीस्टार्टनंतर बोलायची परवानगी मिळते का

डीएनपी3 मध्ये आरटीयू चालू झाला की मास्टरला एक रिकामा संदेश पाठवून 'मी उठलो' एवढंच सांगतो. प्रत्यक्ष नोंदी स्वतःहून पाठवायला त्याला मास्टरची परवानगी लागते, फंक्शन कोड 20. मास्टरने `IIN1.7` पाहून तो बिट उतरवायचा, गरज असेल तर वेळ जुळवायची, इंटिग्रिटी पोल करायचा आणि मग ही परवानगी द्यायची, असा क्रम आहे. बऱ्याच मास्टरमध्ये 'रीस्टार्टनंतर अनसॉलिसिटेड चालू करा' हा पर्याय स्टेशनगणिक वेगळा असतो आणि नवीन स्टेशन जोडताना तो टिक करायचा राहून जातो. पहिल्या दिवशी चाचणी घेणाऱ्याने हाताने परवानगी दिलेली असते, म्हणून सगळं चालतं. पहिल्यांदा वीज गेली की स्टेशन मुकं होतं.

पकडलेली फाइल वायरशार्कमध्ये उघडून हे फिल्टर लावा:

```
dnp3.al.func == 20 || dnp3.al.func == 130
```

130 म्हणजे आरटीयूने आपणहून पाठवलेला संदेश. रीस्टार्टनंतर एक रिकामा 130 दिसतो आणि त्यापुढे 20 कधीच दिसत नाही, तर दोष मास्टरच्या सेटिंगमध्ये आहे. स्टेशनवर जायची गरज नाही.

परवानगी कोणत्या क्लासला दिली हेही त्याच संदेशात असतं. परवानगी फक्त क्लास 1 ला आणि लेव्हल क्लास 2 मध्ये असेल, तर पंपाचे अलार्म वेळेवर येतील आणि लेव्हल पुढच्या पोलपर्यंत बफरमध्ये पडून राहील. बिंदूला कोणताच नोंदीचा क्लास दिला नसेल, म्हणजे तो फक्त क्लास 0 मध्ये असेल, तर तो स्वतःहून कधीच येणार नाही. नंतर जोडलेल्या बिंदूंच्या बाबतीत हे हमखास होतं. जुनं सगळं नीट आणि नवा फ्लोमीटर तेवढा थिजलेला, असं असेल तर आधी क्लास पाहा.

नोंदी दुहेरी-तिहेरी येत असतील तर कन्फर्मची मुदत पाहा. आरटीयू नोंद पाठवून मास्टरच्या पोचपावतीची वाट पाहतो. ही मुदत दोन सेकंद ठेवली तर झोपलेला रेडिओ जागा होऊन पावती परत येईपर्यंत ती संपते आणि आरटीयू तीच नोंद पुन्हा पाठवतो. मोबाइल लिंकवर 10 ते 15 सेकंद ठेवावी. प्रयत्नांची संख्या मर्यादित असेल, समजा 3, तर त्यानंतर आरटीयू काय करतो हे त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचा. काही आरटीयू पुढची नोंद तयार होईपर्यंत गप्प बसतात. पंप हाऊसला ते चालत नाही, तिथे प्रयत्न अमर्याद आणि दोन प्रयत्नांतलं अंतर वाढतं ठेवलेलं बरं.

4. डेडबँड: आकडा बदलतोय, पण 'बदल' होत नाही

पंपाचे अलार्म वेळेवर, पोलवर आकडेही बरोबर, फक्त लेव्हल आपणहून येत नाही, अशा वेळी डेडबँड कोणत्या एककात भरलाय ते पाहा. समजा टाकी 0 ते 6 मीटर, आणि आरटीयूमध्ये ती 0 ते 30000 काउंट अशी बसवली आहे. म्हणजे 1 सेंटिमीटरला 50 काउंट. 5 सेंटिमीटर बदलावर कळवायचं असेल तर डेडबँड 250. आता तोच 250 जर मीटरमध्ये चालणाऱ्या दशांश बिंदूला लागला, तर लेव्हल 250 मीटर हलल्याशिवाय नोंद होणार नाही. उलट, काउंटच्या बिंदूला कुणी 5 भरला, तर डेडबँड एक मिलिमीटरचा झाला. पृष्ठभागावरच्या लाटांवरच सेकंदाला नोंद होते, बफर भरतो आणि त्या गर्दीत खरा अलार्म मागे पडतो. डेडबँड मास्टरवरून वाचता येतात, ऑब्जेक्ट 34 मागा. उत्तर येत नसेल तर आरटीयूची कॉन्फिगरेशन फाइल उघडा.

यापेक्षा फसवी चूक तुलनेची आहे. डेडबँडची तुलना शेवटच्या *कळवलेल्या* आकड्याशी व्हायला हवी. बदल ओळखायचं काम आरटीयूच्या लॅडर प्रोग्रॅममध्ये हाताने लिहिलेलं असेल, तर कित्येकदा तुलना मागच्या स्कॅनच्या आकड्याशी केलेली सापडते. टाकी मिनिटाला 1 सेंटिमीटर भरतेय आणि स्कॅन सेकंदाला एक आहे. दोन स्कॅनमधला फरक एका काउंटच्याही आत, डेडबँड 250. टाकी तळापासून ओसंडेपर्यंत एकही नोंद निघणार नाही. पाइप फुटून लेव्हल झपकन उतरली तर मात्र नोंद येते, म्हणून चाचणीत हे सापडत नाही. चाचणी घेणारा सिम्युलेटरची कळ फिरवून आकडा झटक्यात बदलतो. कळ अगदी सावकाश फिरवून पाहा.

5. जोडणी जिवंत वाटते, पण मधला रस्ता मिटलेला असतो

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष हाच. आरटीयूच्या सिमला सार्वजनिक पत्ता नसेल तर तो ऑपरेटरच्या नॅटमागे असतो आणि जोडणी आरटीयूच करतो. नॅट प्रत्येक जोडणीची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो आणि काही काळ त्यावरून काहीच गेलं नाही तर ती पुसतो. आरएफसी 5382 प्रमाणे स्थिर टीसीपी जोडणी निदान 2 तास 4 मिनिटं पुसू नये. मोबाइल नेटवर्कवर ती मिनिटांत पुसली जाते असा अनुभव येतो. पुसताना दोन्ही टोकांना कळवलं जाईलच असं नाही. मास्टर आणि आरटीयू दोघंही जोडणी चालू आहे असं समजून बसतात.

एक उदाहरण घेऊ. रात्री 23:10 ला पंप बंद झाल्याची नोंद आली. टाकी भरलेली, रात्रभर हालचाल नाही. सकाळी पाणी सोडलं, पंप 05:40:12 ला सुरू झाला. मास्टरला ती नोंद मिळाली 05:55:50 ला. फरक 15 मिनिटं 38 सेकंद.

हा आकडा ओळखीचा आहे. आरटीयूच्या आत लिनक्स असेल तर पावती न मिळालेलं टीसीपी पॅकेट तो मूळ सेटिंगप्रमाणे (`tcp_retries2`, 15) पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि जोडणी मेली असं मानायला त्याला कमीत कमी 924.6 सेकंद, म्हणजे साडेपंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. लिंक मंद असेल तर जास्त. मग तो जोडणी तोडतो, नवी करतो आणि साठलेलं सगळं एकदम ओततो. डीएनपी3 ची पावतीही या काळात मिळत नाही, पण पुष्कळ आरटीयू पावती न आल्यास त्याच मेलेल्या जोडणीवर पुन्हा पाठवत राहतात. उशीर नेहमी पंधरा मिनिटांच्या पुढे आणि फक्त लांब शांततेनंतर, अशी जोडी दिसली की सिग्नलला दोष देऊ नका.

नॅटची मुदत मोजता येते. आरटीयूच्या नोंदी तात्पुरत्या थांबवा (फंक्शन कोड 21, झाल्यावर 20 पाठवून पुन्हा चालू करायला विसरू नका), कीपअलाइव्हही बंद ठेवा आणि 2, 4, 8, 16, 32 मिनिटं शांत ठेवून प्रत्येक वेळी मास्टरवरून लिंक स्टेटस विचारा. जिथे उत्तर येणं थांबतं, त्याच्या आधीच्या आकड्यापर्यंत रस्ता टिकतो. ही मोजणी दिवसा करा आणि पंप जागेवरच्या ऑटोवर आहे याची खात्री करून करा, कारण तेवढा वेळ स्काडा आंधळा असतो.

उपाय: मोजलेल्या मुदतीच्या जास्तीत जास्त निम्म्या अंतराने कीपअलाइव्ह. 8 मिनिटं टिकत असेल तर 4 मिनिटांनी विचारा. लिंक स्टेटसची चौकट 10 बाइटची, उत्तर तेवढंच, टीसीपी-आयपीचे हेडर आणि पावत्या धरून एका फेरीला 200 बाइटच्या आसपास. दिवसाला 360 फेऱ्या, महिन्याला साधारण 2 एमबी. लिनक्सचा स्वतःचा टीसीपी कीपअलाइव्ह चालू केला तरी तो मूळ सेटिंगवर 7200 सेकंदांनी पहिल्यांदा बोलतो, तोवर नॅट कधीच पुसून मोकळा झालेला असतो. ती वेळ बदलल्याशिवाय टिक करून उपयोग नाही.

कीपअलाइव्ह आरटीयूच्या बाजूनेही हवा. फक्त मास्टरने विचारलं आणि रस्ता मिटलेला असेल तर मास्टरला कळतं, तो जोडणी सोडून देतो. पण जोडणी नव्याने करायची जबाबदारी आरटीयूची आहे आणि त्याला यातलं काही ठाऊक नसतं. शिवाय आरटीयूमध्ये 'सलग 3 पावत्या नाहीत तर जोडणी तोडून नवी कर' असा पर्याय असेल तर तो चालू करा. मास्टर एका स्टेशनची एकच जोडणी स्वीकारत असेल तर नवी आल्यावर जुनी टाकून देण्याची सेटिंग शोधा. नाहीतर मेलेली जोडणी दार अडवून बसते आणि आरटीयूला नकार मिळत राहतो.

एवढं करूनही स्टेशनवर एक धडधड ठेवा: आरटीयूच्या पंप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच एक काउंटर, दर 10 मिनिटांनी एकने वाढणारा, नोंदीचा क्लास दिलेला. मास्टरवर तो 25 मिनिटं बदलला नाही तर अलार्म, आणि त्या स्टेशनच्या सगळ्या आकड्यांची क्वालिटी 'बॅड'. मोडेमचा पिंग याची जागा घेत नाही. प्रोग्रॅम अडकलेला असला तरी मोडेम पिंगला आनंदाने उत्तर देतो. दुसऱ्या स्टेशनची लेव्हल वापरून पंप चालत असेल तर ही 'बॅड' क्वालिटी पंप थांबवण्यापर्यंत पोचवावी, नाहीतर जुन्या लेव्हलवर विश्वास ठेवून पंप भरलेली टाकी भरत राहतो.

6. आता स्टेशनवर

पहिलं काम बॅटरीचं. वीज गेल्याचा अलार्म येत नसेल तर जवळजवळ नेहमी बॅटरी संपलेली असते: वीज जाते त्याच क्षणी आरटीयू आणि मोडेम दोन्ही बंद. चार्जरचा एमसीबी उतरवा आणि नियंत्रण कक्षाला फोनवर विचारा, अलार्म आला का. तसंच अर्धा तास ठेवा आणि मोडेमच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. मोजायचं तिथेच, बॅटरीवर नाही. मोडेम पाठवताना क्षणभर जास्त करंट ओढतो, आणि बारीक वायर किंवा गंजलेला फ्यूज होल्डर असेल तर त्या क्षणीच व्होल्टेज पडून मोडेम रीसेट होतो. साध्या मीटरवर तो खड्डा दिसत नाही, मीटरचा मिन-मॅक्स मोड लावा.

मग सिग्नल. `AT+CSQ` चं उत्तर 0 ते 31 येतं. दुपटीतून 113 वजा केले की डीबीएम. 99 म्हणजे मोजता आलं नाही. `AT+CEREG?` मध्ये दुसरा आकडा 1 किंवा 5 नसेल तर मोडेम नेटवर्कवरच नाही. एलटीईवर आरएसआरपी -110 डीबीएमच्या खाली असेल तर ॲन्टेनाकडे पाहा: कनेक्टर हाताने घट्ट आहे का, आत पाणी शिरलंय का, आणि ॲन्टेना लोखंडी पॅनेलच्या आत तर ठेवलेला नाही ना. पंप चालू असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा वाचा. ड्राइव्ह चालू झाल्यावरच आकडे बिघडत असतील तर ॲन्टेनाची केबल मोटरच्या केबलच्या ट्रेमधून गेली आहे.

इथे थांबा

आरटीयू दुरून रीस्टार्ट करू नका, पंप त्याच्याच प्रोग्रॅमवर चालत असेल तर अजिबात नाही. आधी कुणीतरी जागेवर जाऊन पंप लोकलवर घ्यावा. पॅनेलमध्ये कंट्रोलचे टर्मिनल आणि मोटरची थ्री-फेज एकाच दारामागे असेल तर काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. लेव्हलचा सेन्सर सांडपाण्याच्या संपमध्ये असेल तर आत उतरू नका, डोकावायलाही वाकू नका; तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि वास येणं बंद झालं म्हणजे गॅस गेला असं नसतं. गॅस डिटेक्टर, व्हेंटिलेशन आणि वर उभा माणूस असलेल्या टीमलाच बोलवा. मास्टवर चढून ॲन्टेना हलवणं आणि लाइटनिंग अरेस्टर बदलणं हेही तसंच.

नॅटची मुदत कीपअलाइव्हने सावरत नसेल, किंवा जोडणी दर दिवशी ठरावीक वेळी तुटत असेल, तर पुढचं ऑपरेटरच्या हातात आहे. त्यांच्याकडे 'नेट चालत नाही' अशी तक्रार नेऊ नका. सिमचा आयसीसीआयडी, एपीएनचं नाव, तुटण्याच्या तीन वेळा यूटीसीत, आणि मास्टरच्या बाजूची पकडलेली फाइल द्या. आणि खाजगी एपीएनवर स्थिर पत्ता मागा, म्हणजे जोडणी मास्टरकडून करता येते आणि पाचव्या तपासणीतला बराचसा त्रास मुळातूनच जातो.